पूल आधी, इमारत नंतर: छोट्या स्टेशनाचा नकाशा कसा वाचावा

प्रश्न: "आमचं गाव खानापूर तालुक्यात आहे. दुपदरीकरण झाल्यापासून स्टेशनवर एक नंबर आणि मधला दोन-तीन नंबर असे प्लॅटफॉर्म आहेत. आता नवीन इमारत आणि पादचारी पूल होणार म्हणतात. नकाशात पूल इमारतीपासून दोनेकशे मीटर लांब, प्लॅटफॉर्मच्या टोकाला दाखवलाय. गाव पूर्वेला, पण पश्चिमेच्या तीन वाड्यांतली माणसं आणि कॉलेजची पोरंही गाडीला येतात. पूल इमारतीजवळ मागावा का? तिकीट खिडकी आणि वेटिंग हॉलबद्दल काय सांगावं? आम्हाला निवेदन द्यायचंय."

या मार्गावरच्या छोट्या स्टेशनांच्या कामांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. निवेदनात लोक इमारतीबद्दल पानभर लिहितात आणि पुलाबद्दल एक ओळ. तुम्ही उलटं करा. इमारत दहा मीटर इकडे-तिकडे सरकली तर कुणाचं फारसं बिघडत नाही. पूल चुकीच्या जागी पडला तर लोक तो वापरत नाहीत, रुळांतून जातात. पुलाला येणारा सगळा खर्च माणसं रुळांवर उतरू नयेत म्हणून आहे, त्यामुळे तुमच्या नकाशाकडे आपण त्याच नजरेनं बघू.

आधी वेळेचा हिशेब करू. एक नंबरवरून मधल्या प्लॅटफॉर्मवर रुळांतून उडी मारून जायला धडधाकट माणसाला वीसेक सेकंद लागतात. पूल अगदी शेजारी असला तर चढायला पाऊण मिनिट, वर चालायला पाव मिनिट, उतरायला अर्ध्याहून थोडं जास्त, म्हणजे दीड ते दोन मिनिटं. आता तोच पूल दोनशे मीटर लांब ठेवा. दोनशे मीटर चालायला जवळजवळ तीन मिनिटं. पलीकडे उतरल्यावर डबा इमारतीसमोर लागला असेल तर तेवढंच अंतर परत यायचं. सगळं मिळून सात मिनिटांच्या वर जातं. गाडी दिसल्यावर तिकीट घेऊन धावणाऱ्या माणसाकडे चार मिनिटं असतात, तो काय करेल ते तुम्हालाही ठाऊक आहे. रेल्वे कायद्याचं कलम 147 लावून दंड करता येतो, पण रोज सकाळी दीडशे माणसांना कोण दंड करणार?

म्हणजे पूल इमारतीजवळ मागायचा का? बहुतेक हो, पण कारण 'इमारतीजवळ' हे नसावं. गाडी कुठे थांबते त्यावरून पूल ठरवायचा. लांब गाड्यांसाठी बांधलेला प्लॅटफॉर्म 540 मीटरच्या आसपास असतो. बारा डब्यांची पॅसेंजर तीनशे मीटरांच्या आतच मावते. बेळगावकडे जाणारी गाडी प्लॅटफॉर्मच्या उत्तर टोकाकडे पुढे जाऊन उभी राहते आणि लोंढ्याकडे जाणारी दक्षिण टोकाकडे, कारण चालक पुढच्या सिग्नलच्या किंवा थांब्याच्या पाटीच्या हिशेबानं थांबतो. पूल एका टोकाला असला की एका दिशेची गाडी सोयीची आणि दुसऱ्या दिशेची निम्म्या प्लॅटफॉर्मइतकी लांब. मध्यावर असला तर दोन्हीकडच्या गाड्यांचा कुठला ना कुठला डबा जिन्याजवळ येतो. तुमच्याकडे चार दिवस सकाळ-संध्याकाळ उभं राहून प्रत्येक गाडीचा पहिला आणि शेवटचा डबा कुठल्या खांबासमोर लागतो ते लिहून काढा. विजेच्या तारांच्या खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात, तेच वापरा. निवेदनासोबत असा कागद असला की साहेबांना बोलायला काहीतरी हाती लागतं.

आता नकाशात पूल टोकाला का गेला असेल ते बघू. मुद्दाम कुणी केलेलं नसतं. स्टेशन मास्तरांची खोली आणि सिग्नलची रिले रूम जुन्या इमारतीत किंवा तिच्याजवळ असते. तिथून केबली जमिनीखालून दोन्ही दिशांना जातात. पुलाच्या पायासाठी खणायचं म्हटलं की त्या केबली सरकवाव्या लागतात आणि सिग्नलची माणसं त्याला सहजासहजी तयार होत नाहीत. कुठे पाण्याची टाकी आडवी येते, कुठे तारेचा खांब. टोकाला मोकळी जागा असते, काम लवकर होतं. हे कारण खरं असू शकतं, म्हणून भेटीत पहिला प्रश्न विचारा: मध्यावर नेमकी अडचण कुठली? केबलीची असेल तर वीस-तीस मीटर बाजूला सरकून वाट निघते. दोनशे मीटर जायची गरज क्वचित पडते.

दुसरी अडचण मात्र पक्की असते आणि तुम्ही ती प्रश्नात सांगितलेली नाही: मधल्या प्लॅटफॉर्मची रुंदी. रेल्वेच्या मापांच्या नियमाप्रमाणे प्लॅटफॉर्मवरचा खांब रुळांच्या मध्यरेषेपासून किमान 4.72 मीटर लांब हवा. प्लॅटफॉर्मची कड मध्यरेषेपासून साधारण 1.68 मीटरवर येते. म्हणजे कडेपासून खांबापर्यंत तीन मीटर मोकळे. मधल्या प्लॅटफॉर्मला दोन्ही बाजूंना कड असते, म्हणून सहा मीटर तिथेच गेले. पुलाचा जिना आजकाल आतून तीन मीटरांपेक्षा कमी घेत नाहीत. कठडे आणि तुळया धरल्या की बाहेरून साडेतीन. एकूण झाले साडेनऊ मीटर. तुमचा मधला प्लॅटफॉर्म त्याहून अरुंद असेल, समजा साडेसात मीटर, तर मध्यावर तीन मीटरांचा जिना बसतच नाही, मग तुम्ही कितीही निवेदनं द्या. अशा वेळी एकतर प्लॅटफॉर्म रुंद करायचा, नाहीतर तो जिथे जास्त रुंद असेल तिथे जिना न्यायचा. म्हणून टेप घ्या आणि एखाद्या दुपारी, गाडी नसताना, स्टेशन मास्तरांना सांगून दोन्ही कडांमधली रुंदी मोजा. मध्यावर, दोन्ही टोकांना आणि नकाशात पूल दाखवलाय तिथे, अशा चार जागी. टोकाकडे दोन्ही बाजूंचे रूळ जवळ येत गेले असतील तर तिथे प्लॅटफॉर्म निमुळता झालेला सापडेल, आणि मग टोकाचा पूल त्यांच्याच मापात बसत नाही हे तुम्हाला त्यांना दाखवता येईल.

हे तीन मीटर कागदी नाहीत. जिन्याशेजारच्या त्याच पट्ट्यातून लोक सामान घेऊन चालतात आणि शेजारून न थांबणारी एक्स्प्रेस जाते. पट्टा दीड मीटरांचा राहिला की जिन्यावरून उतरणारे आणि गाडीतून उतरणारे समोरासमोर येतात. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर रेल्वेनं पादचारी पूल प्रवासी सोयींच्या यादीतून काढून सुरक्षेच्या कामांत धरले. निवेदनात 'सोय' हा शब्द न वापरता 'सुरक्षा' वापरायचं कारण हेच. पैसे वेगळ्या खात्यातून येतात.

जिना केवढा मोठा असतो याचा अंदाज नसतो म्हणून सांगतो. मार्ग विजेचा आहे. पादचारी पुलाचा खालचा भाग रुळांपासून किमान 6.25 मीटर उंच लागतो, हल्लीच्या नकाशांत त्याहूनही थोडा जास्त दाखवतात. त्यावर पुलाची स्वतःची जाडी पाऊण मीटर धरा, म्हणजे चालायची पातळी रुळांपासून सात मीटर. उंच प्लॅटफॉर्म रुळांपासून पाऊण मीटर ते 84 सेंटिमीटर वर असतो, तो वजा केला की सव्वासहा मीटर चढायचे. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीस-बेचाळीस पायऱ्या. तीस सेंटिमीटरचा पाय टेकायचा भाग आणि मध्ये तीन विसावे, एवढ्यात जिन्याची लांबी सतरा मीटर होते. त्याच्या पायथ्याशी आणखी पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. तिथे चहाची टपरी, पाण्याचे नळ, बाकडं यांतलं काही नको. नकाशात ती जागा रिकामी दिसते, म्हणून नंतर कुणीतरी तिथे काहीतरी आणून ठेवतंच. त्या चौकोनात 'मोकळी ठेवणे' असं लिहून घ्या.

गुडघे दुखणाऱ्या आज्जींना बेचाळीस पायऱ्या म्हणजे शिक्षाच. उतारवाट मागायची तर एकास बारा या चढानं सव्वासहा मीटरांना पंचाहत्तर मीटर लागतात. विसावे धरून नव्वदच्या पुढे, आणि तेवढं दोन्ही बाजूंना. मधल्या प्लॅटफॉर्मवर ती कुठेच मावत नाही. लिफ्ट हाच मार्ग आहे. छोट्या स्टेशनाला ती पहिल्या टप्प्यात मिळेलच असं नाही, पण जिन्याला लागून दोन-अडीच मीटर चौरस जागा आणि पुलाला त्या बाजूला दार ठेवायला सांगा. नंतर लिफ्ट आली की पूल तोडावा लागत नाही. तोवर चाकाच्या खुर्चीसाठी प्लॅटफॉर्मच्या टोकाचा सामानाच्या ढकलगाडीचा मार्ग असतो, तो रेल्वेच्या माणसाबरोबरच ओलांडायचा.

आता वाड्यांकडे या, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे. पूल एक नंबरवरून मधल्या प्लॅटफॉर्मपर्यंतच असेल तर पश्चिमेची माणसं आज जशी येतात तशीच येणार, दोन-तीन रूळ ओलांडून. त्यांच्यासाठी पूल पुढे पश्चिमेच्या रस्त्यापर्यंत उतरायला हवा. इथे दोन गुंते आहेत. पहिला तिकिटाचा. पश्चिमेकडून पूल चढणाऱ्याला खिडकी पूर्वेला असेल तर आधी पूर्वेला उतरायचं, तिकीट काढायचं आणि पुन्हा चढायचं. पश्चिम पायथ्याशी तिकिटाचं यंत्र किंवा नेमलेला तिकीट विक्रेता असला की हे सुटतं. कॉलेजची पोरं मोबाइलवर तिकीट काढतात किंवा पासावर जातात, पण वाडीतल्या सगळ्यांना ते जमत नाही. दुसरा गुंता असा की ज्यांना गाडीला जायचंच नाही, फक्त बाजाराला पलीकडे जायचंय, तेही हा पूल वापरणार. पुलावरून प्लॅटफॉर्मवर न उतरता सरळ पलीकडे जाता आलं पाहिजे, नाहीतर दुधाची किटली घेऊन चाललेल्याला तिकीट तपासनीस प्लॅटफॉर्म तिकीट विचारेल. निव्वळ गावाच्या ये-जा साठी पूल वाढवायचा असेल तर रेल्वे तो खर्च बहुधा ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत किंवा राज्य सरकारकडे मागते. त्याला 'डिपॉझिट वर्क' म्हणतात. म्हणून निवेदनात पश्चिमेचे प्रवासी किती आणि नुसते ओलांडणारे किती हे वेगळं मोजून लिहा. सगळे एकत्र मोजलेत तर तुमचाच आकडा तुमच्याविरुद्ध जाईल.

पूल ठरला की इमारत सोपी होते. रस्त्यावरून आलेला माणूस आधी तिकिटाकडे, मग थांबायच्या जागेकडे आणि मग प्लॅटफॉर्मकडे किंवा जिन्याकडे अशा क्रमानं, मागे न वळता गेला पाहिजे. जिन्याचा पायथा इमारतीच्या आत नको, शेजारी हवा. तुमच्यासारख्या ठिकाणी मी इमारत रस्त्याच्या तोंडाशी आणि जिना तिच्या एका बाजूला, पायथा इमारतीकडे तोंड करून ठेवतो. असं केलं की तिकीट घेऊन बाहेर पडलेल्याला जिना समोरच दिसतो.

तिकीट खिडकीत सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे ती दारासमोर असते आणि रांग दारातूनच बाहेर जाते. तुमचा आकडा मला माहीत नाही, म्हणून एक धरून दाखवतो. सकाळच्या पॅसेंजरला दीडशे माणसं, त्यांतली साठ पासवाली आणि मोबाइलवाली. राहिली नव्वद. घरातला एकजण दोघांची तिकिटं काढतो, म्हणून खिडकीशी येणारे पंचेचाळीस. एकाला सुट्ट्या पैशांसकट चाळीस सेकंद, म्हणजे तीस मिनिटं. गावातली माणसं गाडीआधी वीस-पंचवीस मिनिटंच येतात, तेव्हा एक खिडकी अपुरीच पडते आणि शेवटी पंधरा जणांची रांग लागते. माणशी साठ सेंटिमीटर धरले तर ती नऊ मीटर होते. या नऊ मीटरांना भिंतीला समांतर जागा हवी आणि रांगेचं शेपूट दारापासून लांब जायला हवं. दुसऱ्या खिडकीची भिंत आणि वायरिंग आत्ताच करून ठेवायला सांगा, माणूस मग सणाला किंवा यात्रेला बसेल. एक खिडकी खाली, चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर असावी.

यात्रेचं म्हणाल तर रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्कादेवीच्या यात्रेत महाराष्ट्रातून किती माणूस येतं ते तुम्हाला माहीतच आहे. अशा गर्दीला पुरेल एवढी इमारत कुणी बांधत नाही आणि बांधूही नये. तशा स्टेशनाला इमारतीपुढचं पटांगण मोठं मागावं, तिथे मांडव आणि तात्पुरत्या खिडक्या घालता येतात. तुमच्याकडे रोजची सकाळची गाडी हाच हिशेब धरा.

वेटिंग हॉलसाठी मी माणशी 1.4 चौरस मीटर धरतो. एका वेळी शंभर थांबणारे असतील तर 140 चौरस मीटर, म्हणजे सहा बाय चोवीसची खोली. पण क्षेत्रफळापेक्षा मला त्याची तोंडं महत्त्वाची वाटतात. हॉलमधून गाडी येताना दिसली नाही किंवा घोषणा ऐकू आली नाही तर माणसं आत बसत नाहीत, बाहेर छपराखाली कोंडाळं करतात. म्हणून तो प्लॅटफॉर्मकडे उघडा हवा. आणि तुमच्याकडे नेमकी इथेच अडचण येते. खानापूरहून बेळगावकडे मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर आहे, तुमची इमारत पूर्वेला, म्हणजे प्लॅटफॉर्मची बाजू पश्चिमेला. जून ते सप्टेंबर पाऊस तिथूनच आडवा आत येणार. खानापूरचा पाऊस मी तुम्हाला काय सांगू! उघड्या बाजूला गुडघ्याच्या वर जरा उंच अशी भिंत, तिच्या वर जाळी, दारं आतल्या बाजूला मीटरभर मागे सरकवलेली, आणि प्लॅटफॉर्मचं छप्पर इमारतीला सलग जोडलेलं असावं. छप्पर आणि इमारत यांच्यात हातभर फट ठेवतात, ती पहिल्याच पावसात गळते आणि तिथली फरशी बुळबुळीत होते. जिन्याचं छप्परही बाजूंनी थोडं खाली उतरवलेलं हवं, नाहीतर वरचं छप्पर असून पायऱ्या ओल्याच. कुडची-उगारकडच्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्याकडे पाऊस कमी पण एप्रिलचं पश्चिमेचं ऊन तसंच आहे, तेव्हा जाळीचा सल्ला तिकडेही चालतो, भिंत थोडी कमी केली तरी हरकत नाही.

इमारतीची फरशी आणि एक नंबरचा प्लॅटफॉर्म एकाच पातळीत असावेत. आत पायरी नको. उंचीतला फरक रस्त्याच्या बाजूला काढायचा. तो नव्वद सेंटिमीटर असेल तर अकरा मीटरांची उतारवाट लागते, आणि नकाशात तेवढी लांबी आहे का ते बघा. बऱ्याचदा चार मीटरांचा उभा उतार दाखवून त्याला उतारवाट म्हटलेलं असतं.

पाट्या कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत येतात. देवनागरी वाचणाऱ्याला हिंदी पाटीवरून भागतं, पण बाणाची दिशा आणि प्लॅटफॉर्मचा अंक मोठा नसेल तर कुठलीच लिपी उपयोगाची नाही. पुलावर चढण्याआधी, जिन्याच्या पायथ्याशी, कुठल्या नंबरवर कुठल्या दिशेची गाडी लागते हे लिहिलेलं हवं. माणूस वर जाऊन चुकीच्या बाजूला उतरला की परत बेचाळीस पायऱ्या चढत नाही, रुळांतून येतो.

तेव्हा निवेदनाआधी तुमच्या हातात तीन कागद असू द्या: गाड्या कुठे थांबतात त्याची नोंद, मधल्या प्लॅटफॉर्मची चार जागची रुंदी, आणि सकाळच्या गाडीआधी अर्धा तास खिडकीशी व पश्चिमेच्या पायवाटेवर केलेली मोजणी. ते घेऊन हुबळी विभागाच्या कार्यालयात जा आणि 'जनरल अरेंजमेंट'चा नकाशा मागा, इमारतीचं रंगीत चित्र नको. रंगीत चित्रात पूल छान दिसतो, पण त्याचा पायथा कुठे टेकतो ते कळत नाही. वेळ काढता आला तर गोकाक रोडला जाऊन या. अमृत भारत योजनेतल्या स्थानकांचं 22 मे 2025 ला उद्घाटन झालं त्यांत ते होतं. तिथे टेप लावून बघितलंत की नकाशावरचे आकडे डोळ्यांसमोर येतील.

मधल्या प्लॅटफॉर्मची रुंदी मोजून इथे लिहिलीत तर तीन मीटरांचा जिना मध्यावर बसतो की नाही ते मी लगेच सांगू शकेन. साडेनऊच्या खाली आली तर निवेदनात पुलाच्या आधी प्लॅटफॉर्म रुंद करण्याची मागणी लिहावी लागेल.